गीतकार-संगीतकार जोडी (रॉक संगीत)

रॉक संगीतात शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा अशा दोघांच्या दीर्घ भागीदारीस ही संज्ञा लावतात. ‘बीटल्स’ या वृंदातील लेनन-मॅकार्टनी ही बहुपरिचित जोडी या व्याख्येत काटेकोरपणे बसत नाही, कारण दोघेही शब्द आणि चाल दोन्ही करीत. त्यांचे संयुक्त श्रेय हा आपसातला करार होता, कामाची नोंद नव्हे. ‘इन माय लाइफ’च्या चालीविषयी दोघांच्या आठवणी जुळत नाहीत, त्याचे मूळ या करारातच असावे.

कामाचा क्रम सामान्यतः दोन प्रकारचा असतो. गायक-संगीतकार एल्टन जॉन व गीतकार बर्नी टॉपिन यांच्या जोडीत शब्द आधी येत आणि टॉपिन बहुधा चालीच्या वेळी हजरही नसे. उलट रीतीत चाल आधी तयार होते आणि गीतकार तिच्यावर शब्द बसवतो. मराठी भावगीताच्या श्रोत्याला हा वाद नवा नाही. शब्द आधी आले की ओळींची लांबी कमीजास्त राहते आणि ती सांभाळण्याचे ओझे संगीतकारावर पडते. चाल आधी असली की तेच ओझे गीतकाराकडे जाते.

श्रेयाच्या वाटणीसाठी ‘प्रोकॉल हॅरम’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे उदाहरण सर्वांत बोधक आहे. कीथ रीड हा गीतकार, गॅरी ब्रुकर हा गायक, पियानोवादक व संगीतकार. रीड मंचावर काहीच वाजवीत नसे, तरी तो वृंदाचा सदस्य मानला जाई. दोघांची ओळख 1966 च्या सुमारास ध्वनिमुद्रण-निर्माते गाय स्टीव्हन्स यांच्यामार्फत झाली. ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ हे शीर्षक रीडला एका मेजवानीत कानावर पडलेल्या वाक्यावरून सुचले, असे तो सांगत असे. गीताची मूळ कडवी चार असून ध्वनिमुद्रणात दोनच घेतली. मे 1967 मध्ये निघालेल्या तबकडीवर श्रेय रीड व ब्रुकर या दोघांनाच होते.

या श्रेयावरून पुढे वाद झाला आणि त्याचे कारण ऑर्गन हे होते. गीताच्या आरंभी आठ बारांची ऑर्गनची सुरावट येते आणि पुढे कडव्यांमधूनही ती परत येते. ती वृंदाचा ऑर्गनवादक मॅथ्यू फिशरने रचली. तो वृंदात आला तेव्हा ब्रुकरची चाल व स्वरसंवाद तयार होते. उतरत्या खर्जाची कल्पना जर्मन संगीतकार बाखच्या ‘एअर’ या रचनेवरून घेतल्याचे मानतात. तथापि ही थेट उचल नव्हे. साम्य सुरुवातीच्या थोड्या स्वरांपुढे फारसे जात नाही. तेव्हा ऑर्गनची सुरावट हे निव्वळ वाद्यसंयोजन की रचनेचाच भाग, एवढाच प्रश्न उरतो. वादकाने स्टुडिओत भर घालावी आणि श्रेय मात्र आधीच्या दोघांचे राहावे, ही त्या काळची रीत होती. फिशर 1969 मध्ये बाहेर पडला, पुढे परतलाही, पण दावा त्याने 2005 मध्येच केला.

लंडनच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी डिसेंबर 2006 मध्ये ही भर ठळक व लक्षणीय ठरवून फिशरला संगीताच्या हक्कात 40 टक्के वाटा दिला. त्याने निम्मा मागितला होता. इंग्लिश कायद्यात शब्द व संगीत यांचे हक्क वेगवेगळे असल्याने रीडच्या हिश्शाला धक्का लागला नाही. शब्द आणि संगीत यांची वाटणी निम्मी-निम्मी धरली, तर रीडकडे 50, ब्रुकरकडे 30 आणि फिशरकडे 20 टक्के, असा हिशेब निघेल. भांडण गीताचे असूनही झळ फक्त संगीतकाराला बसली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अपील न्यायालयाने 2008 मध्ये फिशरला सहरचनाकार मानले, पण 38 वर्षांच्या विलंबामुळे उत्पन्नातला वाटा नाकारला. जुलै 2009 मध्ये तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तो एकमताने परत दिला. अशा मालकीच्या दाव्याला कायद्यात मुदत नाही आणि विलंबाने प्रतिपक्षाचे नुकसान न होता उलट इतकी वर्षे त्याचा लाभच झाला, ही त्यामागची मीमांसा. दाव्यापूर्वीचे पैसे मात्र फिशरला मिळाले नाहीत. प्रस्तुत लेखकास हा निकाल अपील न्यायालयाच्या निकालापेक्षा अधिक सुसंगत वाटतो, कारण रचना मान्य करून तिचे फळ नाकारणे अवघडच.

रीड व ब्रुकर यांच्या आपसातल्या मतभेदांविषयी विश्वसनीय साधने थोडी आहेत. ‘नोव्हम’ (2017) या वृंदाच्या अखेरच्या अल्बमसाठी बहुतेक शब्द रीडऐवजी पीट ब्राउन यांचे घेतले गेले. हेच ब्राउन 1960 च्या दशकात ‘क्रीम’ या रॉक वृंदाच्या जॅक ब्रूसचे गीतकार होते.