छाती मऊ लागली म्हणजे दूध आटलं?

“छाती मऊ लागतेय, दूध आटलंय. थोडं थांब, भरू दे, मग पाज,” असा सल्ला अंगावर पाजणाऱ्या आईला मिळतो.

स्तन म्हणजे टाकी नव्हे. बाळ ओढत असतानाही दूध तयार होत असतं. उलट साठून राहिलं की तयार होण्याचा वेग मंदावतो. समजा, आई ‘भरण्यासाठी’ चार तास थांबली आणि मधे बाटली दिली. बाळ पोट भरून झोपतं, एक पाजणं बुडतं, आणि शरीर तेवढं दूध कमी करतं. असं रोज होत राहिलं तर दूध आटण्याची भीती खरी ठरू शकते, पण कारण हे थांबणंच असतं.

साधारण सहा आठवड्यांनी छाती मऊ लागू लागते, कारण दूध बाळाच्या गरजेशी जुळतं. पंपात किती आलं यावरूनही अंदाज बांधू नका; बाळ पंपापेक्षा सहसा चांगलं ओढतं.

दूध पुरतंय याची खरी खूण लंगोटात दिसते: पाचव्या दिवसानंतर दिवसभरात सहा किंवा जास्त ओले, शिवाय दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत. हे नसेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. दूध कमी येण्यामागे थायरॉइडसारखी कारणंही असतात.

दूध वाढवायचं असेल तर चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजा, रात्रीही. तोंडात नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही बराचसा हवा. गिळण्याचा आवाज ऐका.