सीआरआर घटला, तरी कर्ज का वाढलं नाही?

सर, पुस्तकात लिहिलंय की सीआरआर, म्हणजे ठेवींचा जो भाग बँकांना रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो त्याचं रोख राखीव प्रमाण, कमी केलं की बँकांची कर्जं वाढतात. मग 2020 मध्ये तसं का झालं नाही?

सुटलेल्या रोखीच्या किती पट कर्ज वाढेल हे सांगणारा पुस्तकातला गुणक एक गोष्ट गृहीत धरतो: बँकेकडे कर्जदारांची रांग आहे आणि अडलंय ते फक्त रोखीवाचून. ही समजूत वर्षानुवर्षं परीक्षेच्या उत्तरांतून फिरते आहे. (मीही ती लिहून गुण मिळवलेत.)

27 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने हे प्रमाण 4 वरून 3 टक्के केलं. म्हणजे 100 रुपयांच्या ठेवीमागे 1 रुपया सुटला. सगळ्या बँका मिळून सुमारे 1,37,000 कोटी. आता बँक व्यवस्थापकाच्या खुर्चीत बस. टाळेबंदीत कारखाना बंद, दुकानाला कुलूप. चांगला ग्राहक कर्ज मागत नाही, आणि जो मागतो तो फेडेल का, याची खात्री नाही. शिवाय कर्ज बुडलं तर झळ बँकेच्या भांडवलाला बसते, आणि सीआरआर कमी केल्याने भांडवल वाढत नाही.

उलट तोच रुपया रिव्हर्स रेपोत रिझर्व्ह बँकेकडेच ठेवला तर त्या वेळी 4 टक्के व्याज, जोखीम शून्य. सीआरआरमध्ये अडकलेल्या पैशावर तर काहीच व्याज नव्हतं. बँकांनी हाच मार्ग धरला. 15 एप्रिलला रिव्हर्स रेपोत 6.9 लाख कोटी रुपये होते. दोनच दिवसांनी रिझर्व्ह बँकेने तो दर 3.75 वर आणला.

मात्र मागणी जोरात आणि रोख टंचाई असेल, तेव्हा हीच कपात कर्ज वाढवू शकते.