अग्रिम कर : मुक्त व्यावसायिकाचे हप्ते

अग्रिम कर, म्हणजे रोजच्या बोलण्यातला अ‍ॅडव्हान्स टॅक्स, हा ज्या वर्षी उत्पन्न मिळते त्याच वर्षी, ते वर्ष संपण्याआधी, अंदाजाने भरायचा प्राप्तिकर होय. नोकरदाराचा कर कंपनी दरमहा पगारातून कापून घेते, त्यामुळे त्याला या कराची चाहूलही लागत नाही. मुक्त व्यावसायिकाचे तसे नसते. वर्षभरात किती काम येईल आणि त्यातून किती उरेल, हे त्याला जूनमध्येच ठरवावे लागते. टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला कर, वजा करून वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होत असेल, तर हा कर भरणे बंधनकारक आहे. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात या तरतुदी कलम २०७ ते २१९ मध्ये होत्या. १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण हप्त्यांच्या तारखा आणि टक्के तेच राहिले. या नोंदीतला हिशेब २०२५-२६ या वित्तीय वर्षाचा आहे, म्हणून क्रमांक जुनेच दिले आहेत.

१५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के, असे हे वेळापत्रक आहे. २०१६ पूर्वी व्यक्तीला तीनच हप्ते असत आणि पहिला सप्टेंबरमध्ये येई. जूनचा हप्ता त्या वर्षीपासून आला. इथे नवख्यांची एक हमखास गफलत होते. हे टक्के त्या त्या तिमाहीच्या कमाईचे नसतात, तर संपूर्ण वर्षाच्या अंदाजी कराचे असतात, आणि तेही एकूण धरून. सप्टेंबरमध्ये ४५ टक्के भरायचे नसतात. जूनमध्ये भरलेले धरून एकूण ४५ व्हायला हवेत, म्हणजे हातातून ३० टक्केच जातात. एप्रिल ते जून काम थंड होते म्हणून जूनचा हप्ता सोडता येत नाही.

नाशिकच्या इंदिरानगरमधील एका अनुवादिकेचा हिशेब उदाहरणादाखल घेऊ. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतील यंत्रांच्या वापरपुस्तिका, सुरक्षा-सूचना आणि कामगारांच्या प्रशिक्षणाचे साहित्य ती मराठीत आणते. शिवाय परदेशातल्या एका अनुवाद संस्थेचेही काम तिच्याकडे असते. ती रीतसर जमाखर्च ठेवते आणि प्रत्यक्ष नफ्यावर कर भरते. गेल्या वर्षीची बँकेची खाती आणि हातातली कामे पाहून जूनच्या सुरुवातीला ती वर्षाची जमा १९,२०,००० रुपये धरते. संगणक आणि सॉफ्टवेअर, इंटरनेट, मजकूर तपासणाऱ्या सहकाऱ्याचे मानधन आणि प्रवास मिळून खर्च ३,२०,००० रुपये. म्हणजे करपात्र उत्पन्न १६ लाख. पगारदाराला मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट तिला मिळत नाही. तिचा खरा खर्च हीच तिची वजावट.

नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि शेवटच्या ४ लाखांवर १५ टक्क्यांनी ६०,००० रुपये. बेरीज १,२०,०००. त्यावर ४ टक्के उपकर ४,८०० धरून १,२४,८०० रुपये. स्थानिक कारखान्यांकडून येणाऱ्या ४,८०,००० रुपयांवर १० टक्के दराने ४८,००० टीडीएस कापला जाईल. परदेशी संस्था काहीच कापत नाही. तेव्हा तिने स्वतः भरायचे राहतात ७६,८०० रुपये.

| मुदत | एकूण भरलेला हवा | त्या वेळी भरायचे |
|---|---|---|
| १५ जून (१५%) | ₹११,५२० | ₹११,५२० |
| १५ सप्टेंबर (४५%) | ₹३४,५६० | ₹२३,०४० |
| १५ डिसेंबर (७५%) | ₹५७,६०० | ₹२३,०४० |
| १५ मार्च (१००%) | ₹७६,८०० | ₹१९,२०० |

टीडीएसचे ते ४८,००० वजा करताना मात्र जपून. कापणाऱ्याचे पहिल्या तिमाहीचे विवरण ३१ जुलैपर्यंत जाते, म्हणून १५ जूनला 26AS, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा, उघडला तर तिथे बहुधा काहीच दिसणार नाही. आपल्या बिलांवरूनच आकडा धरावा लागतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एखाद्या कारखान्याने कर कापायला हवा होता पण न कापता पूर्ण रक्कम दिली, तर "कापायला हवा होता" एवढ्यावर तो वजा करता येत नाही. कलम २०९ मध्ये २०१२ पासून तसे स्पष्ट केलेले आहे. बँकेत पूर्ण बिल जमा झालेले दिसले की हप्त्याचा आकडा तेवढ्याने वाढवायचा.

आता अंदाज चुकतो तेव्हाचे पाहू, कारण तो चुकतोच. ऑक्टोबरमध्ये परदेशी संस्थेकडून २ लाखांचे जादा काम आले. त्यासाठी वेगळा खर्च नाही, म्हणून उत्पन्न १८ लाखांवर गेले. वरच्या २ लाखांवर २० टक्के, म्हणजे ४०,००० वाढून कर १,६०,००० झाला, उपकरासह १,६६,४००. टीडीएस तेवढाच असल्याने भरायची रक्कम १,१८,४०० झाली. डिसेंबरपर्यंत याचे ७५ टक्के, म्हणजे ८८,८०० भरलेले हवेत. जून-सप्टेंबर मिळून ३४,५६० गेलेले आहेत, म्हणून डिसेंबरचा हप्ता ५४,२४० रुपयांचा होतो आणि मार्चला २९,६०० उरतात. अंदाज बदलल्याचे कुणाला कळवावे लागत नाही की अर्ज करावा लागत नाही. पुढचा हप्ता नव्या आकड्याप्रमाणे भरला की झाले.

पण मागचे दोन हप्ते आता कमी ठरतात. हप्ता कमी पडल्यास व्याज लावणाऱ्या कलम 234C प्रमाणे हिशेब मागे वळून होतो : विवरणपत्रात शेवटी जो कर निघाला त्याच्या तुलनेत प्रत्येक तारखेला किती भरले होते, एवढेच पाहिले जाते. जूनमध्ये अंदाज प्रामाणिक होता का, हे कुणी विचारत नाही. थोडी सवलत आहे ती पहिल्या दोन हप्त्यांना. जूनपर्यंत १५ ऐवजी १२ टक्के आणि सप्टेंबरपर्यंत ४५ ऐवजी ३६ टक्के भरलेले असले, तर व्याज लागत नाही. आपल्या अनुवादिकेला १,१८,४०० चे १२ टक्के, म्हणजे १४,२०८ रुपये जूनमध्ये लागले असते. तिने ११,५२० भरले. सवलत हुकली की तूट १२ टक्क्यांपासून नव्हे, पूर्ण १५ टक्क्यांपासून मोजतात : १७,७६० वजा ११,५२०, म्हणजे ६,२४०. शंभराच्या आतले सोडून ६,२०० वर तीन महिन्यांचे दरमहा १ टक्का सरळव्याज १८६ रुपये. सप्टेंबरला ५३,२८० हवे होते, तूट १८,७२०. तिच्यातल्या १८,७०० वर ५६१ रुपये. दोन्ही मिळून ७४७.

एवढ्यासाठी कुणी झोप उडवून घ्यायची गरज नाही. पण जूनमध्ये ११,५२० ऐवजी १५,००० भरले असते तर जूनचे व्याज लागलेच नसते, म्हणून रक्कम थोडी वरच्या बाजूला धरण्याची जुन्या सीए मंडळींची सवय चांगली आहे. जास्त गेलेला कर विवरणपत्रानंतर परत मिळतो. ज्याचे व्यवसायाचे उत्पन्न त्या वर्षी पहिल्यांदाच सुरू झाले त्याला मात्र आधीच्या हप्त्यांतल्या तुटीवर व्याज लागत नाही. त्या उत्पन्नावरचा कर त्याने उरलेल्या हप्त्यांत, किंवा हप्ता उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत भरायचा. नोकरी सोडून नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र काम सुरू करणाऱ्याला ही तरतूद उपयोगी पडते. दुसऱ्या वर्षी ती मिळत नाही.

खरे नुकसान मार्चचा हप्ता चुकवल्याने होते. समजा तिने डिसेंबरपर्यंत ८८,८०० भरले आणि उरलेले २९,६०० विवरणपत्राच्या वेळी, २० जुलैला भरले. मार्चच्या हप्त्याचे एका महिन्याचे २९६ रुपये लागलेच. शिवाय वर्षअखेर भरलेली रक्कम ९० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने व्याजाचे दुसरे कलम 234B लागू झाले, आणि १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का सुरू. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, म्हणून जुलैपर्यंत चार महिन्यांचे १,१८४ रुपये. १५ मार्च हुकलीच तर ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम अग्रिम करातच मोजली जाते. २९६ जातात, १,१८४ वाचतात.

नाशिकच्या अनुवादिकेपुढे मार्चमध्ये आणखी एक पेच येतो. कारखाने वर्षअखेरीला बिल आपल्या वहीत चढवून टीडीएस कापतात, पैसे मात्र एप्रिलमध्ये देतात. ती रोखीने हिशेब ठेवत असेल, म्हणजे पैसे हातात पडले तेव्हाच उत्पन्न धरत असेल, तर ते बिल पुढच्या वर्षाचे, आणि त्यावरच्या टीडीएसची वजावटही पुढच्याच वर्षी. 26AS मध्ये तो आकडा दिसतो म्हणून या वर्षीच्या हप्त्यातून वजा केला, की मार्चचा हप्ता नेमका तेवढ्याने कमी पडतो.

उत्पन्न १२ लाखांच्या आसपास असणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कलम ८७-अ च्या सवलतीने कर शून्य होतो आणि अग्रिम कराचा प्रश्नच उरत नाही. मात्र वर्ष साडेबारा लाखांवर संपले तर सीमांत सवलत, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न गेले त्याहून जास्त कर नाही, ही धरूनही ५०,००० कर आणि २,००० उपकर बसतो. शून्यावरून एकदम बावन्न हजार, आणि त्या आकड्याच्या तुलनेत आधीचे तिन्ही हप्ते कमी.

जे कलम ४४-एडीए खाली जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवतात, त्यांना चार हप्ते नाहीत; सगळा कर एकदाच १५ मार्चपर्यंत. ही सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे : वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल, माहिती-तंत्रज्ञान वगैरे. अनुवाद त्या यादीत नाही.

भरणा incometax.gov.in वर "e-Pay Tax" मधून होतो. त्यात प्रकार "Advance Tax (100)" निवडायचा. २०२५-२६च्या उत्पन्नासाठी Assessment Year २०२६-२७, आणि इथेच घाईत चालू वर्षाचाच आकडा निवडला जातो. "Self Assessment Tax (300)" निवडले गेले तर पैसे सरकारकडे पोचतात, पण हप्ता म्हणून दिसत नाहीत. पोर्टलवरच चलन दुरुस्तीची सोय आहे, ती लगेच वापरावी. १५ जून २०२५ आणि १५ मार्च २०२६ या दोन्ही तारखा रविवारी आल्या होत्या. बँक बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी भरले तरी व्याज नाही, असे १९९४च्या परिपत्रक ६७६ मध्ये आहे. पोर्टलने आपोआप व्याज लावलेले दिसलेच, तर त्याच परिपत्रकाचा आधार घेता येतो.