गूळ व साखर यांतील पांढरे ठिपके आणि मुंग्या

साठवलेल्या गुळावर दिसणारे पांढरे ठिपके चार वेगवेगळ्या गोष्टींचे असू शकतात : साखरेचे स्फटिक, चुन्याचे कण, बुरशी किंवा माइट नावाचे सूक्ष्म अष्टपाद जीव. गूळ वापरावा की टाकावा, हे यांतील नेमके काय आहे यावर ठरते. मुंग्यांचा प्रश्न यापेक्षा वेगळा व पुष्कळ सोपा आहे.

गुळात सुक्रोज म्हणजे नेहमीच्या साखरेबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोज (अपवृत्त शर्करा) आणि थोडे पाणी असते. अपवृत्त शर्करा, विशेषतः फ्रुक्टोज, हवेतील ओल ओढून घेते. त्यामुळे दमट हवेत ढेपेला पाणी सुटते. पुढे हवा कोरडी झाली की तोच पातळ थर सुकतो व त्यातील सुक्रोज बारीक दाण्यांच्या रूपात बाहेर पडते. बहुतेक निरुपद्रवी पांढरे डाग असे तयार होतात. चुन्याचे कण मात्र साठवणीत उद्भवत नाहीत. रस निवळण्यासाठी वापरलेल्या चुन्याचा तो अवशेष असतो.

बुरशी वाढण्यासाठी लागते ते गुळातील एकूण पाणी नव्हे, तर शर्करेने बांधून न ठेवलेले पाणी. ते जलक्रियाशीलता या ० ते १ दरम्यानच्या अंकाने मोजतात. साखरेच्या संपृक्त द्रावणात हा अंक सुमारे ०·८५ असतो. बहुतेक जीवाणूंना ०·९० पेक्षा अधिक लागते, म्हणून ते येथे वाढत नाहीत. परंतु कोरडेपणा सोसणाऱ्या काही बुरश्या व दाट शर्करा सोसणारे यीस्ट ०·६१–०·६२ पर्यंतही तग धरतात. ढेपेचा गाभा सुरक्षित राहून ओलावलेल्या पृष्ठभागावरच बुरशी धरते, त्याचे कारण हेच.

माइटसंबंधी जुन्या वाङ्मयात बरीच चर्चा आढळते. १८५० च्या दशकात लंडनमध्ये आर्थर हिल हॅसल यांनी खाद्यपदार्थांतील भेसळीचे सूक्ष्मदर्शकाने परीक्षण केले, तेव्हा तांबूस कच्च्या साखरेत त्यांना असे जीव सापडले. त्या काळी या जीवांना ‘साखरेचा अकॅरस’ म्हणत. ही नेमकी कोणती जाती, याबद्दल मात्र मतभेद दिसतात. काही लेखक तिला ग्लायसिफॅगस वंशात घालतात. पण गोड, किंचित आंबलेल्या पदार्थांवर नेहमी आढळणारी जाती म्हणजे कार्पोग्लिफस लॅक्टिस, तेव्हा वर्णन तिचेच असण्याचा संभव अधिक वाटतो. किराणामाल हाताळणाऱ्यांच्या हातांना होणाऱ्या खाजेचा संबंध दोन्ही वंशांशी जोडला गेला आहे. स्वच्छ, कोरड्या दाणेदार साखरेत हे जीव वाढत नाहीत.

ओळख पटवण्यासाठी एका किलोच्या, पांढुरके डाग पडलेल्या ढेपेचे उदाहरण घेता येईल. डागावरील कण सुरीच्या टोकाने काळ्या कागदावर काढून भिंगाखाली पाहावेत. धूळ आपोआप सरकत असेल तर ते माइट होत. टोकदार, चकाकणारे कण कोमट पाण्याच्या थेंबात लगेच विरघळले तर ते स्फटिक समजावेत. न विरघळता तळाशी बसणारा व व्हिनेगर टाकताच फसफसणारा कण बहुधा चुन्याचा असतो. कापसासारखा, बोट लावताच फासला जाणारा थर पाण्यात तंतुमय राहिला व कुबट वास आला, तर ती बुरशी होय.

स्फटिक आलेला गूळ तसाच वापरता येतो. चुन्याचे तुरळक कण असतील तर गूळ पाण्यात विरघळवून, निवळू देऊन गाळावा. माइट लागलेला गूळ टाकणेच श्रेयस्कर, कारण त्यांच्या अवशेषांमुळेही ॲलर्जी होऊ शकते. बुरशीबाबत मते सारखी नाहीत. टणक, कोरड्या ढेपेवर एखादाच डाग असल्यास भोवतालचा जाड थर कापून उरलेला गूळ वापरावा, असे काहींचे मत आहे. ओल्या, मऊ गुळात मात्र तंतू किती आत गेले हे डोळ्यांना कळत नाही, तेव्हा तो पूर्ण टाकणे अधिक सुरक्षित. उकळून तो निर्दोष होतो ही समजूत चुकीची आहे : बुरशी मरते, पण तिने विष निर्माण केले असल्यास ते पाकाच्या तापमानाला टिकू शकते. आंबूस वास येऊन फेस धरलेला गूळ यीस्टने आंबलेला असतो. तोही वापरू नये.

मुंग्या लागलेली साखर सहसा टाकावी लागत नाही. ताटात पातळ पसरून उन्हात ठेवल्यास बहुतेक मुंग्या निघून जातात. उरलेल्यांसाठी साखरेचा पाक उकळून फडक्याने गाळतात. गुळालाही हीच रीत लागू पडते. मुंग्या जंतू वाहू शकतात, हे रुग्णालयांतील फॅरो मुंगीवरील अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून अशी साखर कच्ची न खाता उकळून वापरणे बरे. डब्याच्या आत किंवा कडेला मुंग्या मारण्याची पूड वा खडू वापरला असेल, तर मात्र ती साखर टाकून द्यावी. ते विष गाळल्याने वेगळे होत नाही.