हजार लिटर पाण्याचा खर्च: मराठवाड्यातील एका आकड्याची पार्श्वभूमी

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणण्यास सुरुवात झाली. पहिल्या गाडीत दहा टँकर, म्हणजे सुमारे पाच लाख लिटर पाणी होते आणि पुढे पन्नास टँकरांच्या गाड्या धावू लागल्या. मे महिन्यात रेल्वेने सुमारे 6 कोटी 20 लाख लिटर पाण्याच्या वाहतुकीपोटी 4 कोटी रुपयांचे देयक जिल्हा प्रशासनाकडे पाठविल्याच्या बातम्या आल्या. या दोन आकड्यांचा भागाकार केला, तर हजार लिटरला, म्हणजे एका किलोलिटरला, साधारण 645 रुपये पडतात. त्यात मिरजेच्या पाण्याचे शुद्धीकरण, लातूर स्थानकापासून पुढचे पंपिंग, गावातली गळती, वॉलमनचा पगार यांतले काहीच नव्हते; तो केवळ सुमारे 340 किलोमीटरच्या वाहतुकीचा खर्च होता. आकडा मोठा आहे हे सर्वांना दिसले, पण तो नेमका किती पट मोठा आहे हे सांगणे अवघड होते, कारण नळाने येणाऱ्या पाण्याचा किलोलिटरमागे खर्च किती, याचे उत्तर मराठवाड्यातल्या बहुतेक नगरपालिकांकडे तयार नसते. ते का नसते, याला काही पिढ्यांचा इतिहास आहे.

मराठवाड्यातील जुन्या नागरी पाणीयोजना उताराच्या होत्या. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, येथे डोंगरपायथ्याचे भूजल भूमिगत नहरीतून वस्तीपर्यंत आणले. जालन्याला घाणेवाडी तलावाचे पाणी निजाम काळापासून उताराने येत आले. अशा योजनेत वीज किंवा इंधनाचा प्रश्न नव्हता. नहर साफ करणारी माणसे आणि अधूनमधूनची डागडुजी एवढाच वार्षिक खर्च असे, आणि पाणी जास्त वाहिले किंवा कमी वाहिले, तरी त्या खर्चात फरक पडत नसे. ज्या खर्चाचा पाण्याच्या मापाशी संबंधच नाही, त्याला मापाने भागण्याची गरज कोणाला वाटेल? घरामागे किंवा नळामागे ठराविक पट्टी घेणे हीच त्या व्यवस्थेत सरळ आणि रास्त पद्धत होती.

हे चित्र जायकवाडीने बदलले. 1965 मध्ये पायाभरणी झालेले पैठणचे धरण 1976 मध्ये पूर्ण झाले. नाथसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 464 मीटर आहे, तर औरंगाबाद शहर, आजचे छत्रपती संभाजीनगर, त्याहून सुमारे शंभर मीटर उंचावर वसलेले आहे. पाणी आता शहराकडे उतरत नव्हते, ते चाळीसएक किलोमीटर ढकलत चढवावे लागत होते. प्रथम 700 मिलिमीटरची आणि नंतर 1400 मिलिमीटरची वाहिनी टाकली गेली. जालन्यासही पुढे पैठणहून अंबडमार्गे पाणी आणावे लागले. खर्च आता पाण्याच्या प्रत्येक घनमीटराशी बांधला गेला होता, पट्टी मात्र उताराच्या काळातलीच, वार्षिक आणि ठोक, राहिली. संभाजीनगरात अर्धा इंची नळाची पट्टी 2022 मध्ये वार्षिक 4,050 रुपयांवरून 2,025 रुपयांवर आणली गेली. हा निर्णय किलोलिटरच्या खर्चाचा हिशेब न मांडताही घेता आला, यातच ठोक पट्टीचे स्वरूप दिसते.

किलोलिटरमागे खर्चाची भाषा वरून आली. डिसेंबर 2005 मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी नूतनीकरण अभियानात मराठवाड्यातून नांदेडचा समावेश होता, आणि मिशनच्या काळात पाणीपुरवठ्याचा चालू व देखभालीचा खर्च शुल्कातून भरून काढण्याची अट त्यात होती. 2008 मध्ये केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने सेवास्तराचे मानदंड ठरविले: माणशी 135 लिटर, सर्व जोडण्यांना मीटर, महसूल न देणारे पाणी 20 टक्क्यांपर्यंत आणि चालू खर्चाची शंभर टक्के वसुली. तेव्हापासून नगरपालिका दरवर्षी हे तक्ते भरतात. तक्त्यांना मापे हवी होती, आणि मीटर नव्हते, म्हणून मापे अंदाजाने भरली गेली.

हा हिशेब कसा होतो आणि कुठे चुकतो, हे दाखविण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, पण प्रमाणे ओळखीची वाटावीत अशी ठेवली आहेत. साठ हजार वस्तीची नगरपालिका रोज 80 लाख लिटर, म्हणजे 8,000 किलोलिटर पाणी उपसते; वर्षाला 29.2 लाख किलोलिटर. जॅकवेलपासून, म्हणजे धरणातले पाणी उचलणाऱ्या विहिरीपासून, शुद्धीकरण केंद्रापर्यंत आणि तिथून जलकुंभापर्यंत, वाहिनीतील घर्षण धरून, पंपांना एकूण 180 मीटर उंचीचे काम करावे लागते. एक किलोलिटर पाणी एक मीटर चढवायला, काहीही वाया न जाता, 0.0027 युनिट वीज लागते. 180 मीटरला हे 0.49 युनिट होते, आणि पंप व मोटर मिळून 60 टक्के कार्यक्षमता धरली, तर 0.82 युनिट. स्थिर आकारासह युनिटला 8 रुपये पडत असतील, तर किलोलिटरला विजेचे सुमारे 6.54 रुपये, म्हणजे वर्षाला 1 कोटी 91 लाख.

शुद्धीकरणाचा खर्च मोठा असावा अशी सर्वसाधारण समजूत आहे; नगरसेवकांच्या सभेत तुरटीच्या खरेदीवर जेवढी चर्चा होते, तेवढी पंपाच्या कार्यक्षमतेवर होत नाही. प्रत्यक्षात किलोलिटरला साधारण तीस-चाळीस ग्रॅम तुरटी आणि दोन-तीन ग्रॅम क्लोरीन लागते. आपल्या गावासाठी रसायनांचे 45 पैसे धरू, वर्षाला 13 लाख. जलसंपदा विभागाची कच्च्या पाण्याची आकारणीही पैशांतच असते. ती 30 पैसे, म्हणजे सुमारे 9 लाख. कर्मचारी मात्र जड आहेत: कायम आणि कंत्राटी मिळून 45 माणसे, वर्षाला 1 कोटी 55 लाख. दुरुस्तीला 40 लाख. एकूण 4 कोटी 8 लाख.

आता भागायचे कशाने? उपसलेल्या पाण्याने भागले, तर किलोलिटरला 13.97 रुपये येतात. पण समजा 25 टक्के पाणी फुटक्या वाहिन्या, गळके व्हॉल्व्ह आणि ओसंडणाऱ्या जलकुंभांतून जाते. मग घरांपर्यंत 21.9 लाख किलोलिटर पोहोचते आणि खर्च 18.63 रुपये होतो. त्यापुढे आणखी 15 टक्के पाणी अनधिकृत जोडण्यांनी घेतले जाते. ते वाया जात नाही, कोणाच्या तरी हंड्यात पडतेच, पण त्याची मागणी निघत नाही. मागणी निघालेल्या पाण्यावर खर्च 23.29 रुपये पडतो. गाव तेच, खर्च तोच, आणि आकडे तीन. अहवालात बहुधा पहिला येतो, दरवाढीच्या प्रस्तावात तिसरा, आणि भाजक कोणता हे दोन्हीकडे लिहिलेले नसते.

यातली नेहमीची चूक म्हणजे गळतीला खर्चाची वेगळी ओळ देणे. गळालेल्या पाण्याची वीज, तुरटी आणि पगार वरच्या ओळींत आधीच आलेले असतात. ‘गळतीपोटी नुकसान’ म्हणून ते पुन्हा मिळविले, की खर्च दुबार मोजला जातो. गळती भाजकात असते. दुसरी चूक उलट बाजूची आहे. गळती थांबवून 13.97 रुपये वाचतील असे सांगितले जाते, परंतु गळती थांबली म्हणून वॉलमन कमी होत नाहीत. वाचते ती वीज, रसायने आणि कच्च्या पाण्याची आकारणी, म्हणजे 7.29 रुपये. आपल्या गावाने वाहिन्यांतली गळती निम्मी केली आणि तेवढा उपसा घटविला, तर वर्षाला सुमारे 27 लाख वाचतील, 51 लाख नव्हे. अर्थात जिथे चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथे उपसा कोणी घटवीत नाही. वाचलेले पाणी आवर्तन एका दिवसाने लवकर आणते, आणि तो लाभ या तक्त्यात दिसत नाही.

दुष्काळात हाच तक्ता उलटतो. धरणातला साठा घटून उपसा निम्म्यावर आला, तर वीज, रसायने आणि आकारणी निम्मी होते, पण पगार आणि दुरुस्ती तशीच राहते. एकूण खर्च सुमारे 3 कोटी 1 लाखावर येतो आणि उपसलेल्या पाण्यावरचा दर 20.65 रुपयांवर चढतो. ज्या वर्षी लोकांना सर्वांत कमी पाणी मिळते, त्याच वर्षी ते सर्वांत महाग पडते. लातूरच्या 645 रुपयांशी ताडून पाहताना हा टंचाईतला दर घ्यायला हवा होता, नेहमीचा नव्हे.

या आकड्यांवर विश्वास किती ठेवावा, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. बहुतेक ठिकाणी उपसलेले पाणी मीटरने मोजलेले नसते. पंप चाललेले तास गुणिले पाटीवर लिहिलेली क्षमता, असा तो आकडा असतो. इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे आतले चाक, झिजलेला पंप तितके पाणी देत नाही, पण नोंदवहीत ते दिलेलेच असते. महावितरणचे देयक मात्र मीटरवरचे असते. देयकातले युनिट भागिले नोंदवहीतले किलोलिटर, असे केल्यावर आपल्या गावात 0.8 च्या आसपास उत्तर यायला हवे. ते 0.55 आले, तर पंप उत्तम चालत आहेत असे समजू नये. 180 मीटरसाठी त्याचा अर्थ 89 टक्के कार्यक्षमता असा होतो, जी जुन्या पंपांकडून मिळत नाही. नोंदवहीतले पाणी फुगलेले आहे, आणि त्यावर काढलेला दर खोटा स्वस्त आहे.

गळतीचे मापही असेच घ्यावे लागते. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात रात्रीचा किमान प्रवाह पाहून गळती ताडता येते. आवर्तनाच्या गावात रात्री वाहिनीच रिकामी असते. तिथे एका जलकुंभाचा भरणा बंद करून, त्या भागाला पाणी सोडून, कुंभाची पातळी किती उतरली आणि काही नमुना घरांत प्रत्यक्ष किती पाणी आले, यांची तुलना करावी लागते. हे काम एका दिवसाचे आहे, पण 40 टक्के हा गोल आकडा लिहिणे त्याहून सोपे असते, म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच पुढे जातो.

सर्वांत मोठी ओळ तर या तक्त्यात नसतेच. योजना बहुतांशी केंद्र आणि राज्याच्या अनुदानातून होतात, आणि वसुलीचा मानदंडही फक्त चालू खर्च पाहतो, त्यामुळे घसारा धरला जात नाही. आपल्या गावाची योजना 80 कोटींची आणि तीस वर्षे टिकणारी मानली, तर वर्षाला 2 कोटी 67 लाख, म्हणजे घरी पोहोचलेल्या किलोलिटरमागे आणखी 12 रुपये होतात, 18.63 चे 30 च्या पुढे जातात. संभाजीनगरची 1,680 कोटींची नवी योजना केंद्राच्या अमृत 2.0 अभियानात 2,740 कोटींवर गेली. त्या वाढीचा किलोलिटरमागे वाटा किती, हा प्रश्न पाणीपट्टीच्या कोणत्याही देयकावर उमटणार नाही, कारण तिथे आजही फक्त नळाचा व्यास लिहिलेला असतो.