कुत्रा चावल्यावर पान चार कोण उघडणार?

मध्यंतरी माझ्याकडे एक काम आलं, रेबीजबद्दलचं माहितीपत्रक मोबाईलसाठी करून द्यायचं. आडवा ए-फोर कागद, दोन घड्या, सहा पानं. माहिती चांगली, डॉक्टरांनी तपासलेली, आणि नाशिकच्या आसपासच्या गावांमधे ती व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून फिरतही होती. मी सातपूरला राहणाऱ्या वहिनींच्या फोनवर ती उघडून दिली आणि म्हटलं, समजा मुलाला आत्ता कुत्रा चावलाय, काय कराल ते यात बघून सांगा. त्यांनी दोन बोटांनी झूम केलं, इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं आणि शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, यात लस कुठंय ते सापडेना, मी सरळ दवाखान्यात जाईन."

सरळ दवाखान्यात. जखम न धुता. मला तिथेच कळलं की काम फक्त मजकूर छोटा करायचं नाहीये.

आधी पीडीएफचं काय होतं ते बघा. आडवा ए-फोर कागद २९७ मिलिमीटर रुंद, उभ्या फोनची स्क्रीन साधारण ७० मिलिमीटर, म्हणजे सगळं चौपटीहून जास्त लहान होतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ३ पॉइंटचंही उरत नाही. वर घड्यांचा घोळ वेगळाच. छपाईसाठी बाहेरच्या बाजूला डावीकडे आतली घडी, मधे मागचं पान आणि मुखपृष्ठ सगळ्यात उजवीकडे अशी मांडणी असते. हातात धरून घडी उघडली की क्रम बरोबर लागतो, पण फोनवर घडीच नाही, त्यामुळे वहिनींनी वाचायला सुरुवात केली ती पाचव्या पानापासून.

आणि जखम धुवायची सूचना होती चौथ्या पानावर. त्याआधी रेबीज म्हणजे काय, विषाणू मेंदूपर्यंत कसा जातो, कुठकुठल्या प्राण्यांपासून होतो. कागदावर हे चालतं, कारण तो माणूस दवाखान्यात रांगेत बसून निवांत वाचतो. फोन मात्र चावल्यावरच बघितला जातो, पोरगं रडत असताना.

त्यात डोळ्याचीही मर्यादा असते. नजरेचा जो मधला भाग अगदी स्पष्ट बघतो तो जेमतेम २ अंशांचा, म्हणजे फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर स्क्रीनवर साधारण १ सेंटिमीटर, एकदोन मराठी शब्द. वाचताना डोळा तिथे साधारण पाव सेकंद थांबतो आणि पुढे उडी मारतो. घाईतला माणूस या उड्या वाचवतो, ओळींच्या सुरुवातीचेच शब्द टिपत खाली जातो. म्हणून "प्राण्याने चावा घेतल्यास सर्वप्रथम जखम स्वच्छ धुणे अत्यंत आवश्यक आहे" या वाक्यात कामाचं सगळं शेवटाकडे गेलंय, आणि घाईत बघणारा तिथवर पोचतच नाही. मी ते असं केलं:

कुत्रा चावला?
आधी जखम धुवा.
नळाखाली, साबण लावून.
पूर्ण १५ मिनिटं.
हळद, तिखट, चुना लावू नका.

१५ मिनिटं हा आकडा तसाच ठेवला, "नीट धुवा" लिहिलं नाही, कारण नीट म्हणजे बहुतेकांच्या मते अर्धा मिनिट. जखमेतला विषाणू मज्जातंतूत शिरायच्या आत जितका धुवून जाईल तितका बरा, आणि साबणाने त्याचं वरचं चरबीचं आवरण फुटतं. पण हे कारण मी खाली टाकलं, वर नाही.

छोट्या ओळी म्हणजे दर चार शब्दांनी एंटर मारणं नव्हे, ही चूक फार दिसते. लिहिणाऱ्याच्या फोनवर सुबक दिसतं, दुसऱ्याने अक्षर मोठं केलेलं असलं की ओळ मधेच तुटून एकच शब्द खाली लोंबतो. एक ओळ म्हणजे एक पूर्ण सूचना, बाकी तोडायचं काम फोनवर सोडायचं. पीडीएफमधून कॉपी केलं की असे एंटर आपोआप येतात, ते काढावेच लागतात. आणि पत्रक जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्टमधलं असेल तर कॉपी केल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं येतात. युनिकोडमधे बदलून घ्यायचं, मग रफार आणि पहिली वेलांटी एकेक करून तपासायची, तिथेच गडबड होते. मराठीत मात्रा वर, उकार खाली, म्हणून मी ओळींमधलं अंतरही अक्षराच्या १.६ पट ठेवलं.

आता बटणं. इथे मी स्वतः चुकलो. पहिल्या कच्च्या पानावर सगळ्यात वर मोठं बटण दिलं, "जवळचं हॉस्पिटल", मॅप उघडणारं. वहिनींना परत दाखवलं, त्यांनी दिसल्या दिसल्या ते दाबलं, मॅप उघडला, धुवायची ओळ मागे राहिली. बटण डोळ्याला खेचतं, दाबलं की माणूस पानावरून गेला. म्हणून आता धुवायच्या पाच ओळी आधी आणि त्यांच्या खालीच बटणं. त्यात फोनचं पहिलं, कारण नेट नसलं तरी कॉल लागतो, मॅप लागेलच असं नाही.

```html
<a href="tel:108">खूप रक्त येतंय? १०८ ला फोन लावा</a>
```

दिसायला आकडा मराठी चालतो, पण `tel:` नंतरचा इंग्रजी अंकातच हवा. बटणाची उंची गूगलच्या सल्ल्याप्रमाणे ४८ युनिट, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, आणि दोन बटणांत मोकळी जागा, कारण ओल्या थरथरत्या बोटाने शेजारचंच दाबलं जातं. बटणावर "अधिक माहिती" किंवा "इथे क्लिक करा" लिहिलं नाही, दाबल्यावर काय होणार तेच लिहिलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका ओळीवर. पत्रकात होतं, "लस: ०, ३, ७, २८". हा त्वचेत देतात त्या लशीचा क्रम, स्नायूत देतात तिथे १४ व्या दिवसाचाही डोस असतो. पण लोक शून्याला अडखळतात. पहिला डोस सोमवारी घेतला तर सोमवार एक, मंगळवार दोन, असं मोजून बुधवारी जातात. खरं तर सोमवार शून्य, म्हणून दुसरा डोस गुरुवारी, तिसरा पुढच्या सोमवारी आणि शेवटचा पहिल्यापासून चार आठवड्यांनी, सोमवारीच. मी आकडे काढून हे वारच लिहिले, "पहिला डोस सोमवारी घेतला असेल तर" असं उदाहरण देऊन, आणि खाली बटण दिलं, "माझ्या तारखा काढा". पहिल्या डोसची तारीख टाकली की बाकीच्या येतात. सोबत एक ओळ, कार्डावर वेगळी तारीख असेल तर कार्डावरचीच धरा.

एक गोष्ट मी छोटी करायला नकार दिला. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, कारण लशीने शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस जातात. शब्द अवघड आहे पण नातेवाईकाला तो डॉक्टरांसमोर उच्चारता आला पाहिजे, म्हणून लिहिलं, "रक्त आलंय? डॉक्टरांना विचारा: इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे सीरम, देणार का?" नवीन पान वहिनींना दाखवलं तेव्हा त्यांनी हीच ओळ दोनदा मोठ्याने वाचली, दुसऱ्या वेळी न अडखळता.