डॉलर हलला की परकीय चलन साठा का बदलतो? (न घेता, न विकता)

दर थोड्या दिवसांनी आमच्याकडे तोच फोन येतो. बातमीत वाचलेलं असतं की देशाचा परकीय चलन साठा एका आठवड्यात ३ अब्ज डॉलरनी घटला, आणि लगेच प्रश्न, "म्हणजे मध्यवर्ती बँक डॉलर विकत सुटलीय, मग आम्ही पुढच्या पेमेंटचे डॉलर आत्ताच बुक करून टाकू का?" तुमचे आयात-निर्यातीचे कागद आम्ही सांभाळतो म्हणून हे विचारलं जातं, त्यात चूक काहीच नाही, पण प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून देतो.

पहिली गोष्ट म्हणजे साठ्याचा आकडा डॉलरमध्ये छापतात म्हणून सगळा साठा डॉलरच असतो असं नाही. त्यात युरो असतो, येन असतो, पाउंड असतो, शिवाय सोनं असतं. आणि हे सगळं काही तिजोरीत नोटांच्या थप्प्या लावून ठेवलेलं नसतं, बराचसा पैसा त्या त्या देशांच्या सरकारी बाँडमध्ये आणि दुसऱ्या बँकांमधल्या ठेवींमध्ये असतो. आकडा जाहीर करताना या सगळ्याची किंमत त्या दिवशीच्या भावाने डॉलरमध्ये काढतात आणि बेरीज करतात. बस, खरी गोम या "त्या दिवशीच्या भावाने" मध्ये आहे.

एक उदाहरण घेऊ, आकडे आम्ही मनानेच धरलेत. समजा एका देशाकडे ६८ अब्ज डॉलर, २० अब्ज युरो आणि १,३०० अब्ज येन आहेत. आज १ युरो म्हणजे १.१० डॉलर आणि १ डॉलर म्हणजे १३० येन. तर युरोचे झाले २२ अब्ज डॉलर, येनचे १० अब्ज, आणि सगळे मिळून बरोब्बर १०० अब्ज. आता काही आठवड्यांत डॉलर वधारला, युरो १ डॉलरवर आला आणि डॉलरला १४५ येन मिळायला लागले. बँकेतल्या कोणी एक सौदासुद्धा केला नाही. तरी युरोचे आता २० अब्जच होतात, येनचे साधारण ८.९७ अब्ज, डॉलर आहेत तेवढेच ६८. बेरीज ९६.९७. म्हणजे ३ अब्ज डॉलर "गेले", पण गेले कुठे? कुठेच नाही. युरो मोजले तर २० अब्जच आहेत, येनही तेवढेच आहेत, फक्त ज्या पट्टीने मोजतोय ती पट्टीच लांब झाली. उद्या डॉलर परत उतरला की हेच ३ अब्ज कोणी काही न कमावता परत दिसतील, आणि तेव्हा बातमी येईल "साठ्यात भरघोस वाढ"!

आता कोणी म्हणेल की हे कागदावरचं गणित झालं. तर २०२२ आठवा. अमेरिकेच्या फेडने व्याजदर भराभर वाढवले, डॉलर सगळ्यांनाच भारी पडला, जुलैमध्ये युरो डॉलरच्या बरोबरीला आला आणि नंतर खालीही गेला, वर्षाच्या सुरुवातीला ११५ च्या आसपास असलेला येन ऑक्टोबरमध्ये १५० च्या पार गेला. त्या काळात कितीतरी देशांचे साठे एकदम घटलेले दिसले. भारताच्या रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सप्टेंबर २०२२ च्या पतधोरणाच्या वेळी सांगितलं होतं की त्या आर्थिक वर्षात तोवर झालेल्या घटीपैकी सुमारे ६७ टक्के घट ही निव्वळ मूल्यांकनातल्या बदलाची आहे, आणि कारणं दोन दिली होती, डॉलर वधारला आणि अमेरिकी बाँडचे यील्ड, म्हणजे त्यावर मिळणारा परतावा, वाढले.

हे दुसरं कारण लोक नेहमी विसरतात. व्याजदर वाढले की जुन्या बाँडचा बाजारभाव पडतो, त्यामुळे साठ्यातला जो भाग डॉलरमध्येच आहे, ज्याला चलनाच्या भावाने काहीच फरक पडायला नको, त्याचीही किंमत खाली येते. अंदाजे हिशोब असा की बाँडचं ड्युरेशन, म्हणजे यील्ड हललं की भाव किती हलतो हे सांगणारं माप, २ वर्षं असेल आणि यील्ड १ टक्क्याने वाढलं तर भाव साधारण २ टक्के पडतो. आपल्या उदाहरणातले ६८ अब्ज सगळे अशा बाँडमध्ये असतील तर आणखी १.३६ अब्ज कमी, परत एकही सौदा न होता. डॉलर वधारणं आणि यील्ड वाढणं बऱ्याचदा हातात हात घालून येतं म्हणून फटका दुहेरी दिसतो. (सोन्याचा भाव वर खाली झाला की तोही आकड्यात मिसळतो, पण ते तुम्हाला माहीतच आहे.)

आणि आता गंमत बघा. मध्यवर्ती बँक स्वतःचा ताळेबंद देशाच्या चलनात ठेवते. आपल्या उदाहरणात आधी १ डॉलरला ५० एकक पडत होते, म्हणजे साठा ५,००० अब्ज एककांचा. डॉलर वधारला तेव्हा देशाचं चलनही घसरून ५५ वर आलं असं धरा. ९६.९७ गुणिले ५५, म्हणजे ५,३३३ अब्ज! तोच साठा, तोच दिवस, डॉलरमध्ये ३ टक्के घट आणि घरच्या वहीत साडेसहा टक्क्यांहून जास्त वाढ. हा फायदा बऱ्याच मध्यवर्ती बँका वेगळ्या रीव्हॅल्युएशन खात्यात नेऊन ठेवतात आणि वाटून टाकत नाहीत, कारण विकल्याशिवाय तो हातात आलेला नसतो. उलटं पण होतं. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा अचानक काढून टाकली, फ्रँक काही मिनिटांत उसळला, आणि त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत बँकेला सुमारे ५० अब्ज फ्रँकचा तोटा दाखवावा लागला, तो मुख्यतः चलनांच्या भावामुळे. बँकेकडचे युरो काही त्यादिवशी चोरीला गेले नव्हते.

मग खरी विक्री झाली की नाही हे ओळखायचं कसं? सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे बॅलन्स ऑफ पेमेंट्सचा, म्हणजे देशाच्या बाहेरच्या जगाशी झालेल्या व्यवहारांच्या हिशोबाचा तक्ता, त्यातल्या साठ्याच्या ओळीत फक्त प्रत्यक्ष व्यवहार धरतात, भावातला फरक धरत नाहीत. समजा जाहीर साठा ५ अब्जांनी घटला आणि या ओळीत २ च अब्ज दिसले, तर उरलेले ३ भावातले. अडचण एवढीच की हा तक्ता उशिरा येतो. तोपर्यंत आम्ही त्या आठवड्याचा युरो आणि येन बघून ढोबळ अंदाज काढतो, पण तो अंदाजच, कारण कुठल्या चलनात किती ठेवलंय हे बरेच देश सांगत नाहीत. नाणेनिधीच्या आकडेवारीत जगभरच्या साठ्यांत डॉलरचा वाटा ६० टक्क्यांच्या आत आणि युरोचा २० च्या आसपास दिसतो, पण ती सगळ्यांची सरासरी, एखाद्या देशाची टक्केवारी तिच्यापासून पार वेगळी असू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी साठा घटल्याची बातमी आली की आधी त्याच आठवड्यातला युरो बघा. युरो दणकून पडला असेल तर फोन केलात तरी आम्ही आधी तेच विचारणार आहोत. युरो, येन जागच्या जागी असतील, बाँड आणि सोनंही फार हललं नसेल आणि तरी साठा बराच उतरला असेल, तर मात्र बँकेने खरंच डॉलर विकले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तेव्हा तुमच्या बुकिंगचं बोलायला जरूर फोन करा.